दोन वाण, अखेरीस सारखाच तांबेरा : रोगाचे ओझे मोजणारा समलंब नियम

गव्हाच्या दोन वाणांची शेजारी शेजारी पेरणी केली आहे. दाणे भरत असताना दोन्हींवर पानांवरील नारिंगी तांबेऱ्याची तीव्रता ७० टक्के नोंदवली गेली. प्रक्षेत्र भेटीला त्या दिवशी आलेला पाहुणा दोन्ही वाणांना सारखेच रोगग्रस्त ठरवेल आणि त्याच्या डोळ्यांना दिसले ते खोटेही नसेल. परंतु एका वाणाची पाने तीन आठवडे रोगाने झाकलेली होती आणि दुसऱ्याची पाने जेमतेम शेवटच्या आठवड्यात झाकली गेली, हा फरक त्या एका दिवसाच्या आकड्यात कोठेच दिसत नाही. दाणा भरण्याच्या काळात पान किती दिवस हिरवे राहिले, यावर दाण्याचे वजन अवलंबून असते. म्हणून रोग शेवटी किती झाला एवढे विचारून भागत नाही; किती रोग किती दिवस राहिला, असे विचारावे लागते.

या प्रश्नाचे उत्तर देणारे माप वनस्पतिरोगशास्त्रात ‘रोगप्रगती वक्राखालील क्षेत्रफळ’ या नावाने ओळखले जाते. जे. ई. व्हॅन डर प्लँक यांच्या १९६३ मधील ग्रंथाने रोगाच्या साथीकडे काळाच्या ओघात वाढणारी गोष्ट म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. पुढे १९७७ मध्ये शॅनर आणि फिनी यांनी ‘नॉक्स’ या गव्हाच्या वाणातील, भुरी रोग सावकाश वाढू देणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या अभ्यासात हे क्षेत्रफळ काढण्याचे जे सूत्र वापरले, तेच आज बहुतेक रोगचाचण्यांमध्ये वापरले जाते. त्या सूत्रात शालेय गणितातील समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळापलीकडे काहीही नाही. ते हाताने कसे करावे, त्यातून आलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा आणि तो कोठे फसवतो, एवढ्याच गोष्टींचा येथे विचार केला आहे.

नोंदींचा तक्ता

पुढील आकडे रीत समजावी यासाठी रचलेले आहेत. ते कोणत्याही विशिष्ट चाचणीचे नाहीत. वाण ‘अ’ रोगाला लवकर बळी पडणारा आहे. वाण ‘ब’ वर रोग येतो, पण सावकाश वाढतो. तीव्रता टक्क्यांत आहे.

| पेरणीनंतरचे दिवस | वाण ‘अ’ (टक्के) | वाण ‘ब’ (टक्के) |
|---|---|---|
| ५० | २ | १ |
| ५७ | १० | ३ |
| ६४ | ३० | ८ |
| ७४ | ६० | २५ |
| ८१ | ७० | ४५ |
| ८८ | ७० | ७० |

नोंदी दर सात दिवसांनी घ्यायच्या होत्या. तथापि ६४ व्या दिवसानंतरची नोंद तीन दिवस उशिरा झाली, त्यामुळे तेथे दहा दिवसांचे अंतर पडले आहे. प्रत्यक्ष शेतावर असे नेहमीच घडते. त्यामुळे सर्व अंतरे समान धरणारी रीत शिकण्याऐवजी असमान अंतरेही सामावून घेणारी रीत शिकणे अधिक हिताचे आहे.

समलंब चौकोन कोठून आला

आलेख कागदावर आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर तीव्रता घेऊन हे सहा बिंदू मांडावेत. प्रत्यक्षात रोग रोज थोडा थोडा वाढत होता, म्हणून या बिंदूंमधून जाणारी रेषा खरे तर एक वक्र आहे. तो वक्र आपल्याला ठाऊक नाही. आपल्याकडे केवळ सहा दिवसांची माहिती आहे. अशा वेळी शेजारच्या दोन बिंदूंना सरळ रेषेने जोडणे हा सर्वांत साधा मार्ग ठरतो. दोन नोंदींच्या मधल्या काळात रोग एकसारख्या गतीने वाढला, असे गृहीत धरणे एवढाच त्या सरळ रेषेचा अर्थ.

आता दोन शेजारच्या बिंदूंपासून खाली आडव्या अक्षापर्यंत उभ्या रेषा काढल्या की एक समलंब चौकोन तयार होतो. त्याच्या दोन समांतर बाजू म्हणजे त्या दोन दिवसांची तीव्रता आणि त्या बाजूंमधील अंतर म्हणजे मधले दिवस. समांतर बाजूंची बेरीज करून तिची निम्मी घ्यावी आणि तिला अंतराने गुणावे, हे त्याच्या क्षेत्रफळाचे सूत्र आपल्या परिचयाचे आहे. शेतीच्या भाषेत सांगायचे तर दोन नोंदींची सरासरी काढावी आणि ती मधल्या दिवसांनी गुणावी. प्रत्येक जोडीसाठी हे करून सर्व क्षेत्रफळांची बेरीज केली की समलंब नियम पूर्ण झाला.

वाण ‘अ’ साठी :

- ५० ते ५७ दिवस : (२ + १०) ÷ २ × ७ = ४२
- ५७ ते ६४ दिवस : (१० + ३०) ÷ २ × ७ = १४०
- ६४ ते ७४ दिवस : (३० + ६०) ÷ २ × १० = ४५०
- ७४ ते ८१ दिवस : (६० + ७०) ÷ २ × ७ = ४५५
- ८१ ते ८८ दिवस : (७० + ७०) ÷ २ × ७ = ४९०

एकूण १५७७.

वाण ‘ब’ साठी हीच पाच क्षेत्रफळे अनुक्रमे १४, ३८.५, १६५, २४५ आणि ४०२.५ अशी येतात आणि त्यांची बेरीज ८६५ होते.

या आकड्यांचे एकक ‘टक्के-दिवस’ आहे. चार मजूर पाच दिवस कामावर असले तर आपण वीस मजूर-दिवस म्हणतो. त्याच रीतीने ४० टक्के तीव्रता पाच दिवस टिकली तर ते २०० टक्के-दिवस झाले. वाण ‘अ’ ने ३८ दिवसांत १५७७ टक्के-दिवस रोग सोसला. ३८ ने भागले असता ४१.५ येतात, म्हणजे त्या संपूर्ण काळात त्याच्यावर सरासरी ४१.५ टक्के तीव्रता होती. वाण ‘ब’ साठी हीच सरासरी सुमारे २२.८ टक्के येते. अखेरच्या दिवशी दोन्ही वाण ७० टक्क्यांवर होते. परंतु ‘ब’ वर पडलेले रोगाचे एकूण ओझे ‘अ’ च्या निम्म्याहून थोडेच अधिक आहे.

गव्हात या फरकाला विशेष महत्त्व आहे. काही वाणांमध्ये तांबेरा पूर्णपणे रोखणारी प्रतिकारशक्ती नसते. त्यांच्यावर रोगाचा शिरकाव होतो, पण बीजाणू रुजल्यापासून नवे फोड फुटेपर्यंतचा काळ लांबतो, फोड संख्येने कमी येतात आणि आकारानेही लहान राहतात. पैदासकार याला सावकाश तांबेरणारी प्रतिकारशक्ती म्हणतात. बुरशीची एखादी नवी प्रजाती आली म्हणून ती सहसा एकाएकी कोसळत नाही, यासाठी तिला किंमत आहे. असा वाण एका दिवसाच्या नोंदीवरून ओळखू येणे कठीण असते. टक्के-दिवसांच्या बेरजेत मात्र तो स्पष्टपणे उठून दिसतो.

प्रत्येक नोंदीचे वजन

हेच गणित दुसऱ्या बाजूने मांडले की कोणती नोंद किती महत्त्वाची आहे, ते कळते. ७४ व्या दिवसाची नोंद दोन समलंब चौकोनांत येते. एकात तिच्या डावीकडचे दहा दिवस आहेत आणि दुसऱ्यात उजवीकडचे सात दिवस. दोन्हींत तिला निम्मा वाटा मिळतो, म्हणून तिचे वजन (१० + ७) ÷ २ म्हणजे ८.५ दिवस झाले. पहिली आणि शेवटची नोंद मात्र एकाच चौकोनात येते, म्हणून त्यांचे वजन प्रत्येकी केवळ ३.५ दिवस आहे. सहा नोंदींची वजने क्रमाने ३.५, ७, ८.५, ८.५, ७ आणि ३.५ अशी होतात. त्यांची बेरीज ३८, म्हणजे निरीक्षणाचा एकूण कालावधी. प्रत्येक तीव्रतेला तिच्या वजनाने गुणून बेरीज केली तरी १५७७ आणि ८६५ हेच आकडे येतात. हाताने केलेले गणित पडताळून पाहण्याचा हा सोपा उपाय आहे.

यातून दोन व्यवहारोपयोगी गोष्टी निघतात. पहिली अशी की मधल्या नोंदीत झालेली चूक महाग पडते. ७४ व्या दिवशी ६० ऐवजी ५० टक्के लिहिले गेले तर बेरीज ८५ ने घटते. तेवढीच चूक शेवटच्या दिवशी झाली तर बेरीज ३५ ने बदलते. दोन नोंदींमधील अंतर जेवढे मोठे, तेवढी तिच्या दोन्ही टोकांच्या नोंदींची जबाबदारी वाढते. भेट लांबली असेल तर त्या दिवशीचे निरीक्षण नेहमीपेक्षा अधिक काळजीने करावे.

दुसरी गोष्ट टोकांच्या नोंदींविषयीची आहे. त्यांना निम्मे वजन मिळते, हे काही संशोधकांना खटकले. पहिली व शेवटची नोंदही मधल्या नोंदींइतक्याच कष्टाने घेतलेली असते, मग तिचे महत्त्व कमी का, असा त्यांचा आक्षेप होता. सिमको आणि पीफो यांनी २०१२ मध्ये वक्राऐवजी पायऱ्यांच्या आकृतीखालील क्षेत्रफळ घेण्याची पद्धत मांडली; तीत टोकांच्या नोंदींना अधिक वजन मिळते. दोन्ही पद्धती वापरात आहेत. मात्र एका पद्धतीने काढलेला आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे ठरेल.

सरळ रेषा वक्राला कोठे सोडते

समलंब नियमाची त्रुटी समजण्यासाठी रोगाच्या वाढीचा आकार डोळ्यांपुढे आणावा. आरंभी रोग थोडा असतो, पण प्रत्येक फोडातून नवे फोड होत असल्याने वाढीची गती वाढत जाते आणि वक्र वरच्या दिशेला वळतो. पुढे निरोगी पान कमी उरते, गती मंदावते आणि वक्र आडवा होत जातो. गती वाढत असलेल्या भागात दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा खऱ्या वक्राच्या वरून जाते, म्हणून क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा जास्त येते. गती मंदावत असलेल्या भागात तीच रेषा वक्राच्या खालून जाते आणि क्षेत्रफळ कमी येते.

ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही. समजा, पाऊस किंवा सुट्टी यामुळे ७४ व्या दिवसाची भेट झालीच नाही. मग ६४ व्या दिवसापासून थेट ८१ व्या दिवसापर्यंत सतरा दिवसांचा एकच समलंब चौकोन उरतो.

वाण ‘अ’ : (३० + ७०) ÷ २ × १७ = ८५०. पूर्वी याच काळाचे ४५० + ४५५ = ९०५ आले होते. म्हणजे ५५ ने कमी.

वाण ‘ब’ : (८ + ४५) ÷ २ × १७ = ४५०.५. पूर्वी १६५ + २४५ = ४१० आले होते. म्हणजे ४०.५ ने जास्त.

भेट दोन्ही वाणांची चुकली, पण परिणाम उलट दिशांना झाला. त्या काळात ‘अ’ चा रोग मंदावू लागला होता आणि ‘ब’ चा वेग घेत होता, म्हणून एकाचे ओझे घटले आणि दुसऱ्याचे वाढले. आता बेरजा १५२२ आणि ९०५.५ झाल्या. दोन वाणांमधील तफावत ७१२ वरून ६१६.५ वर आली. चांगल्या वाणाचा चांगुलपणा एका चुकलेल्या भेटीने सुमारे तेरा टक्क्यांनी कमी दिसू लागला. सर्व वाणांची भेट एकाच वेळी चुकली म्हणजे तुलना निर्दोष राहते, असे अनेकदा समजले जाते. ते या उदाहरणावरून खरे ठरत नाही.

अंतर निम्मे केले तर समलंब नियमाची त्रुटी सर्वसाधारणपणे चौथ्या हिश्शावर येते. म्हणून रोग झपाट्याने वाढत असलेल्या दोन-तीन आठवड्यांत जास्त भेटी द्याव्यात आणि आरंभी किंवा अखेरीस, जेथे वक्र जवळजवळ सरळ असतो, तेथे अंतर वाढले तरी फारसे बिघडत नाही. उपलब्ध भेटींची संख्या ठरावीक असेल तर त्या सारख्या अंतराने वाटण्यापेक्षा वक्र जेथे वळतो तेथे एकवटणे अधिक लाभदायक असते. असमान अंतरे या नियमाला चालतात, हा त्याचा मोठा गुण येथे कामी येतो.

आपल्या आकड्याची परीक्षा

खरा वक्र माहीत नसताना त्रुटी किती, हे कसे ओळखावे? एक साधी परीक्षा अशी की मधल्या काही नोंदी मुद्दाम गाळून बेरीज पुन्हा काढावी आणि ती किती हलते, ते पाहावे. आपल्या उदाहरणात ५७ व ७४ या दिवसांच्या नोंदी गाळल्या तर ‘ब’ ची बेरीज ९१६ येते, म्हणजे ८६५ पेक्षा ५१ ने जास्त. अंतरे सुमारे दुप्पट केल्यावर आकडा ५१ ने हलला असेल, तर मूळ आकड्यातील त्रुटी त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणजे १७ च्या आसपास असावी, असा अंदाज करता येतो. दुप्पट अंतराची त्रुटी चौपट असते, त्यामुळे दोन बेरजांमधील फरक मूळ त्रुटीच्या तिप्पट भरतो, हे त्यामागचे कारण. ८६५ मध्ये १७ म्हणजे सुमारे दोन टक्के. वाणांची तुलना करण्यासाठी एवढी अचूकता पुरेशी आहे.

‘अ’ साठी हीच परीक्षा केली असता बेरीज १५६४ येते आणि फरक केवळ १३ दिसतो. यावरून ‘अ’ चा आकडा ‘ब’ पेक्षाही अचूक आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. प्रत्यक्षात ५७ व्या दिवसाची नोंद गाळल्याने बेरीज ४२ ने वाढली आणि ७४ व्या दिवसाची गाळल्याने ५५ ने घटली; दोन चुकांनी परस्परांना झाकले. म्हणून ही परीक्षा एकूण बेरजेवर न थांबवता गाळलेल्या प्रत्येक नोंदीपाशी स्वतंत्रपणे पाहावी. ज्या नोंदीपाशी आकडा सर्वांत जास्त हलतो, त्या काळात पुढील हंगामात एक भेट वाढवावी.

संगणकावर करताना

स्प्रेडशीटमध्ये A2 ते A7 या घरांत पेरणीनंतरचे दिवस आणि B2 ते B7 या घरांत तीव्रता भरावी. पुढील एका सूत्राने पूर्ण बेरीज मिळते :

```
=SUMPRODUCT((B2:B6+B3:B7)/2,A3:A7-A2:A6)
```

प्रत्येक समलंब चौकोन वेगळा पाहायचा असल्यास C3 या घरात पुढील सूत्र लिहून ते C7 पर्यंत खाली ओढावे आणि शेवटी बेरीज करावी. चूक शोधण्यास ही दुसरी रीत बरी पडते.

```
=(B2+B3)/2*(A3-A2)
```

येथे सर्वांत घातक चूक रिकाम्या घराची आहे. ७४ व्या दिवसाची नोंद झाली नाही म्हणून B5 हे घर रिकामे ठेवले, तर ही सूत्रे तेथे शून्य धरतात आणि कोणतीही सूचना देत नाहीत. मग ६० टक्क्यांवरचा रोग त्या दिवशी जणू नाहीसा झाला आणि आठवड्याने पुन्हा ७० टक्क्यांवर उगवला, असा अर्थ होतो. ‘अ’ ची बेरीज १५७७ वरून १०६७ वर घसरते. नोंद नसेल तर ती संपूर्ण ओळ काढून टाकावी आणि दुसरी रीत वापरली असल्यास C3 मधील सूत्र पुन्हा खाली ओढावे, म्हणजे सतरा दिवसांचा एक चौकोन घेतला जाईल. याउलट ज्या दिवशी शेत पाहिले आणि रोग आढळला नाही, त्या दिवशी शून्य अवश्य लिहावे. ‘पाहिले, रोग नव्हता’ आणि ‘पाहिलेच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नोंदवहीत त्या वेगळ्याच दिसल्या पाहिजेत.

दिवसांऐवजी तारखा भरल्या तरी चालते, मात्र त्या संगणकाने तारीख म्हणून ओळखलेल्या असाव्यात. हाताने मोजताना महिना बदलतो तेथे चूक होते : २८ जानेवारी ते ४ फेब्रुवारी हे अंतर सात दिवसांचे आहे. दहा दिवसांच्या अंतरालाही सवयीने सात धरले तर ‘अ’ ची बेरीज १४४२ आणि ‘ब’ ची ८१५.५ येईल. हे आकडे पाहून कोणालाही शंका येणार नाही, म्हणूनच वजनांची बेरीज एकूण कालावधीएवढी येते का, हे तपासण्याची सवय ठेवावी.

बेरीज जे सांगू शकत नाही

समलंब नियम नोंदींमधले अंतर भरून काढतो. नोंदींमधला दोष तो दूर करत नाही. एखादा निरीक्षक नेहमीच सव्वापट तीव्रता लिहीत असेल, तर क्षेत्रफळही सव्वापट येईल. कमी तीव्रता असताना डोळ्यांना ती असते त्यापेक्षा जास्त वाटण्याचा कल असतो, हे सर्वांना लागू आहे. गव्हाच्या तांबेऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सुधारित कॉब मापनश्रेणीत तर १०० टक्के तीव्रतेचा अर्थ पानाचा सुमारे ३७ टक्के पृष्ठभाग फोडांनी व्यापणे असा आहे. ज्या निरीक्षकाला हे ठाऊक नाही, तो तीच पाने पाहून भलताच आकडा लिहील. एका चाचणीत आरंभापासून अखेरपर्यंत एकच व्यक्ती, एकच मापनश्रेणी आणि तीच खुणा केलेली झाडे असावीत. हंगामाच्या मध्यावर निरीक्षक बदलला तर आलेखात तेथे अकारण उंचवटा किंवा खळगा दिसतो. बेरीज मात्र तो पोटात घालून गप्प राहते. म्हणून बेरजेआधी आलेख काढून नजरेखालून घालावा.

दुसरी मर्यादा कालावधीची. ‘अ’ च्या नोंदी ८१ व्या दिवशीच थांबवल्या तर बेरीज १०८७ येते आणि ३१ दिवसांची सरासरी सुमारे ३५ टक्के भरते. वाण तोच, शेत तेच, तरी ४१.५ ऐवजी ३५. दिवसांनी भागले म्हणजे वेगवेगळ्या कालावधींची तुलना निर्धोक होते, ही समजूत अपुरी आहे, कारण शेवटचे दिवस हेच सर्वाधिक रोगाचे दिवस असतात. तुलना करायच्या सर्व वाणांच्या नोंदी एकाच दिवशी सुरू व्हाव्यात आणि एकाच दिवशी संपाव्यात. एखादा वाण लवकर पक्व होत असेल, तर त्याची पाने वयाने पिवळी पडू लागण्याआधीच्या तारखेला सर्वांचा हिशेब बंद करावा. वयाने वाळलेले पान रोगात मोजले गेले तर लवकर येणाऱ्या वाणावर अन्याय होतो.

तिसरी मर्यादा अर्थाविषयीची आहे. समान क्षेत्रफळ म्हणजे समान नुकसान नव्हे. फुटव्यांच्या काळात आलेले २०० टक्के-दिवस आणि दाणा भरताना शेंड्याच्या शेवटच्या पानावर आलेले २०० टक्के-दिवस या बेरजेला सारखेच असतात, पिकाला मात्र नसतात. म्हणून उत्पादनाशी संबंध जोडायचा असेल तर ओंबी बाहेर पडल्यापासूनचे क्षेत्रफळ वेगळे काढून पाहणे अधिक अर्थपूर्ण ठरते. समलंब चौकोन सुटे सुटे मांडलेले असले की हे सहज जमते. आपल्या उदाहरणात ६४ व्या दिवशी ओंबी बाहेर पडल्याचे धरले तर ‘अ’ चे १५७७ पैकी १३९५ आणि ‘ब’ चे ८६५ पैकी ८१२.५ टक्के-दिवस त्यानंतरचे आहेत. दोन्ही वाणांवरील ओझ्याचा बहुतांश भाग दाणा भरण्याच्या काळातच पडला आणि त्या काळातही ‘ब’ ने ‘अ’ पेक्षा ५८२.५ टक्के-दिवस कमी सोसले.

नोंदवहीत बेरजेचा आकडा लिहिताना त्याच्याशेजारी नोंदींच्या तारखा, वापरलेली मापनश्रेणी आणि सुरुवात-अखेरचे दिवस लिहावेत. या तीन गोष्टी सोबत असतील तर १५७७ हा आकडा पुढील वर्षी दुसऱ्या केंद्रातील कार्यकर्त्यालाही वाचता येईल. त्या नसतील तर तो कशाशीच ताडून पाहता येणार नाही.